एकांचा चौरस

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी चाचणी परीक्षेत आम्हाला एक प्रश्न आला होता. पाच ओळी, पाच स्तंभ, आणि पंचवीसच्या पंचवीस जागांवर १. या मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं काढा, गुण पाच. मी बाह्या सरसावून निश्चयक मांडला, पहिल्या ओळीने त्याचा विस्तार केला, प्रत्येक तुकड्याचा पुन्हा विस्तार केला, आणि दीड पान भरल्यावर कुठेतरी एक वजाचं चिन्ह हरवून बसलो. उत्तरात एक वर्गमूळ आलं. ते पाहूनच पोटात गोळा आला. शेजारच्या बाकावरची मुलगी मात्र केव्हाच लिहून मोकळी झाली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अरे, रँक एक आहे, ट्रेस पाच आहे. अजून काय लिहायचं त्यात?"

हे प्रकरण म्हणजे तिच्या त्या एका वाक्याचा उलगडा आहे.

आधी आयगेनमूल्य म्हणजे काय ते पाहू. मॅट्रिक्स म्हणजे संख्यांचा तक्ता असं वर्गात सांगतात. ते खोटं नाही, पण त्याने फारसं काही कळत नाही. मॅट्रिक्स हे एक यंत्र आहे. त्यात पाच संख्यांची एक यादी टाकायची, म्हणजे दुसऱ्या टोकाने पाच संख्यांची नवी यादी बाहेर पडते. अशा यादीला सदिश म्हणतात. मॅट्रिक्सची प्रत्येक ओळ ही एक सूचना असते: कोणाचं किती पट घ्यायचं आणि बेरीज करायची. आपल्या पाच एकांच्या ओळीची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येकाचं एकदा घ्या आणि बेरीज करा. पाचही ओळी हेच सांगतात. म्हणून या यंत्रात पाच मित्रांनी सहलीसाठी काढलेली वर्गणी टाकली, तर प्रत्येकाच्या नावापुढे एकूण जमा रक्कम लिहून येते. गणितात या मॅट्रिक्सला J म्हणायची पद्धत आहे. आपणही तेच म्हणू.

बहुतेक याद्या यंत्रातून बाहेर येताना आपलं रूप बदलतात. काही मोजक्या याद्या मात्र रूप न बदलता नुसत्या काही पटीने वाढतात किंवा आक्रसतात. अशी यादी म्हणजे आयगेनसदिश, आणि ती पट म्हणजे आयगेनमूल्य. जर्मन भाषेत 'आयगेन' म्हणजे स्वतःचा. डेव्हिड हिल्बर्टने १९०४ साली समीकरणांवरच्या आपल्या लेखनात हा शब्द वापरला आणि तो जगभर तसाच राहिला. या मूल्यांची यादी हाताशी असली की मॅट्रिक्स काय करतं याचा बराचसा अंदाज येतो. पण ती काढायची नेहमीची रीत कष्टाची आहे: कर्णावरच्या प्रत्येक संख्येत λ मिसळायचा, निश्चयक काढायचा आणि मिळालेल्या बहुपदीची मुळं शोधायची. पाच ओळींच्या निश्चयकात १२० पदं असतात आणि दहा ओळींच्या निश्चयकात ३६,२८,८०० पदं. त्यामुळे 'कितीही आकाराचा J' असं म्हटल्याबरोबर ही रीत बाजूलाच ठेवावी लागते.

आता रँक. मॅट्रिक्सच्या ओळींपैकी खरोखर नवीन माहिती देणाऱ्या ओळी किती, ही मोजणी म्हणजे रँक. इतर ओळींना काही संख्यांनी गुणून आणि त्यांची बेरीज करून जी ओळ मिळते, ती मोजायची नाही. J मध्ये दुसरी ओळ पहिलीचीच नक्कल, तिसरीही, चौथीही. म्हणजे नवीन माहिती एकाच ओळीत. रँक १. आकार पाच असो की पाचशे, ही संख्या १ च्या पुढे सरकत नाही.

एवढ्यावरून आयगेनमूल्यांबद्दल काय कळतं? पुष्कळ कळतं. एखादी यादी यंत्रात टाकल्यावर सगळीकडे शून्य आलं, तर त्याचा अर्थ ती शून्य पटीने वाढली, म्हणजे तिचं आयगेनमूल्य शून्य. अशा याद्या कोणत्या? सहल संपल्यावर हिशोब मांडतात तो आठवा. ज्याला पैसे यायचेत त्याच्यापुढे अधिक, ज्याला द्यायचेत त्याच्यापुढे वजा. समजा पाच जणांचे आकडे +३००, +५०, −१००, −१०० आणि −१५० आहेत. देणं-घेणं आपापसातलंच असल्यामुळे बेरीज शून्यच येणार. ही यादी J मध्ये टाका, प्रत्येकाच्या नावापुढे शून्य येईल. असा हिशोब मांडताना चार जणांचे आकडे तुम्ही मनाला येतील ते लिहू शकता, पण पाचव्याचा आकडा मग आपोआप ठरतो. म्हणजे शून्यावर जाणाऱ्या याद्यांमध्ये चार स्वतंत्र दिशा आहेत. पाच जागा, अट एकच, म्हणून मोकळीक चारांची. सर्वसाधारण नियमही हाच: n आकाराच्या मॅट्रिक्सची रँक जितकी, तितक्या अटी, आणि n मधून रँक वजा केली की उरते ती शून्यावर जाण्याची मोकळीक.

या चार दिशांमुळे शून्य हे आयगेनमूल्य निदान चार वेळा येतं. इथे 'निदान' हा शब्द महत्त्वाचा आहे, तो पुढे आपल्याला अडवणार आहे. चार वेळा का, याचं कारण असं. याद्या मोजायच्या मोजपट्ट्या बदलल्या, तरी यंत्र तेच राहतं आणि त्याची λ ची बहुपदीही तीच राहते. म्हणून वरच्या चार दिशा आणि त्यांच्या बाहेरची एक कुठलीही पाचवी दिशा याच आपल्या मोजपट्ट्या मानू. पहिल्या चार दिशांना यंत्र शून्यावर नेतं, म्हणून नव्या तक्त्याचे पहिले चार स्तंभ कोरडे, सगळी शून्यं. त्या चार स्तंभांतून बहुपदीत λ चार वेळा गुणला जातो. पाचव्या घाताच्या बहुपदीला मुळं पाच, त्यातली चार अशी हाती लागली. उरलं एक.

ते एक ट्रेसवरून मिळतं. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज म्हणजे ट्रेस. J च्या कर्णावर पाच एक आहेत, म्हणून ट्रेस ५. आणि नियम असा, की ट्रेस नेहमी सगळ्या आयगेनमूल्यांच्या बेरजेइतका असतो. पुस्तकांत हा नियम एका ओळीत उरकून टाकतात. विद्यार्थी तो पाठ करतो आणि आयुष्यभर त्याला तो चमत्कारच वाटत राहतो. खरं तर कर्णाबाहेरच्या वीस संख्यांकडे बघायचंसुद्धा नाही आणि तरी बेरीज बरोबर यायची, याचं आश्चर्य वाटायलाच हवं. कारण मात्र घरगुती आहे.

पंगत मांडली आहे अशी कल्पना करा. पाच पाहुणे, पाच पाट, प्रत्येक पाटासमोर एकेका पाहुण्याचं नाव. निश्चयकाचं प्रत्येक पद म्हणजे पाहुण्यांना पाटांवर बसवण्याची एक तऱ्हा: प्रत्येक ओळीतून एक संख्या घ्यायची आणि कोणत्याही दोन संख्या एकाच स्तंभातल्या असायच्या नाहीत. ओळ म्हणजे पाहुणा, स्तंभ म्हणजे पाट. कर्णावरची संख्या घेणं म्हणजे पाहुणा आपल्याच पाटावर बसणं. आणि λ राहतो तो फक्त कर्णावर. आता बहुपदीत λ चा चौथा घात कुठून येईल? निदान चार पाहुणे आपापल्या पाटावर बसले तरच. पण चार जण आपल्या पाटावर बसले की पाचव्याला उरतो तोही त्याचाच पाट! चारच जण आपल्या जागी आणि एकटा पाचवा भलतीकडे, अशी पंगत बसूच शकत नाही. म्हणून λ चा चौथा घात येतो तो सगळे आपापल्या जागी बसलेल्या एकाच पदातून, म्हणजे कर्णावरच्या पाच कंसांच्या गुणाकारातून. कर्णावरच्या संख्या a, b, c, d, e असतील तर

(λ − a)(λ − b)(λ − c)(λ − d)(λ − e)

या गुणाकारात λ⁴ चा सहगुणक −(a + b + c + d + e), म्हणजे ट्रेसच, वजा चिन्हासह. दुसरीकडे हीच बहुपदी तिच्या पाच मुळांचे पाच कंस करून लिहिली, तर λ⁴ चा सहगुणक मुळांची बेरीज, तीही वजा चिन्हासह. बहुपदी एकच, म्हणून दोन्ही बेरजा सारख्या. बाकीच्या ११९ पंगतींनी λ च्या खालच्या घातांमध्ये काय घालायचा तो गोंधळ घालावा, या बेरजेला त्यांचा हात लागत नाही.

आता शेवटची पायरी. पाच मूल्यांपैकी चार शून्य, पाचांची बेरीज ५, म्हणून उरलेलं मूल्य ५. आकार n असेल तर शून्य n − १ वेळा आणि n एकदा. संपलं. हजार ओळींच्या J साठीही यापेक्षा अक्षरभर जास्त लिहावं लागत नाही: ९९९ शून्यं आणि एक हजार.

ज्यांचा अशा झटपट उत्तरांवर विश्वास बसत नाही (मी त्यांच्यातलाच), त्यांनी तीनच्या आकारावर लांबची रीत एकदा करून पाहावी. कर्णावर 1 − λ आणि बाकी सगळीकडे 1. तीन पाहुण्यांच्या सहा पंगती. सगळे आपल्या जागी असतील तर (1 − λ)³. तिघांपैकी कोणताही एक आपल्या जागी आणि दोघांची अदलाबदल, अशा तीन पंगती, प्रत्येकीतून −(1 − λ). तिघेही गोल फिरून दुसऱ्याच्या जागी, अशा दोन पंगती, प्रत्येकीतून 1.

(1 − λ)³ − 3(1 − λ) + 2 = 3λ² − λ³ = λ²(3 − λ)

मुळं ०, ०, ३. जुळलं. सहलीच्या भाषेतही पडताळा घेता येतो. पाचही जणांनी सारखीच, समजा २०० रुपये वर्गणी काढली, तर प्रत्येकापुढे १००० येतात. यादीचं रूप तेच, पट पाच. त्या शेवटच्या ५ चा आयगेनसदिश तो हा.

परीक्षेतल्या मुलीची युक्ती फक्त एकांच्या चौरसापुरती आहे असं मात्र नाही. तिचा खरा आधार रँक १ असणं हा आहे. लहानपणच्या उजळणीत मागच्या पानावर गुणाकाराचा तक्ता असायचा, एक ते दहा आडवे, एक ते दहा उभे. त्यातली दुसरी ओळ पहिलीची दुप्पट, सातवी ओळ पहिलीची सातपट. नवीन माहिती पहिल्या ओळीपलीकडे काहीच नाही, म्हणून रँक १. कर्णावर वर्ग येतात: १, ४, ९ असं करत १०० पर्यंत, बेरीज ३८५. म्हणजे त्या अख्ख्या तक्त्याची आयगेनमूल्यं नऊ शून्यं आणि ३८५. उजळणी घोकताना हे कुणी सांगितलं असतं तर पाढे पाठ झाले असते की नाही ठाऊक नाही, पण पान नक्कीच लक्षात राहिलं असतं.

त्याच तक्त्यात गुणाकाराऐवजी बेरीज लिहा, आणि युक्ती अपुरी पडते. तीनच्या आकाराचाच तक्ता घेऊ.

```
2 3 4
3 4 5
4 5 6
```

इथे दुसरी ओळ पहिलीच्या पटीत नाही. पण तिसरी ओळ म्हणजे दुसरीची दुप्पट वजा पहिली. म्हणून रँक २. रँक सांगते, की तीन मूल्यांपैकी एक शून्य. ट्रेस सांगतो, की उरलेल्या दोघांची बेरीज १२. दोन अनोळखी संख्या आणि समीकरण एक! ६ आणि ६ असतील, १० आणि २ असतील, काहीही असेल. आणखी एक मोजणी लागते, ती म्हणजे मॅट्रिक्सला स्वतःनेच गुणून मिळणाऱ्या वर्गाचा ट्रेस. मॅट्रिक्स कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखं असेल, तर हा ट्रेस म्हणजे सगळ्या नोंदींच्या वर्गांची बेरीज. इथे ती १५६ भरते. बेरीज १२ आणि वर्गांची बेरीज १५६, म्हणजे गुणाकार −६, आणि मूल्यं 6 + √42 आणि 6 − √42. दशांशात साधारण १२.४८ आणि −०.४८. नुसता ट्रेस बघून यातलं ऋण मूल्य कुणालाही सुचलं नसतं.

मघाचा 'निदान' हा शब्द आता हिशोब मागायला आला आहे. रँक १ असली की शून्य निदान n − १ वेळा. पण पुष्कळ उत्तरपत्रिकांत लिहिलेलं असतं, 'रँक १, म्हणून शून्य नसलेलं आयगेनमूल्य बरोबर एक'. हे वाक्य चूक आहे. हे मॅट्रिक्स पाहा:

```
1 -1
1 -1
```

दोन्ही ओळी सारख्या, म्हणून रँक १. कर्णावर १ आणि −१, ट्रेस शून्य. एक मूल्य शून्य, बेरीजही शून्य, म्हणून दुसरंही शून्य. बहुपदी नुसती λ². यंत्र तर शून्याचं नाही, त्यात (१, ०) ही यादी टाकली तर (१, १) बाहेर येते, आणि तरी त्याच्या आयगेनमूल्यांत शून्याशिवाय काही नाही. (१, १) पुन्हा आत टाकली की मग मात्र सगळं शून्य होतं. रँक शून्यांची खालची मर्यादा देते. शेवटची जागा शून्य आहे की नाही, हे ट्रेसच ठरवतो. J चा ट्रेस n असतो आणि n काही शून्य नसतो, म्हणून आपलं काम निर्धोक झालं.

पण n खरंच कधी शून्य नसतो? आपल्या नेहमीच्या संख्यांत नसतो. घड्याळाच्या गणितात असू शकतो. समजा घड्याळावर पाचच तास आहेत: चारनंतर पुन्हा शून्य. त्या जगात पाच एकांची बेरीज शून्य होते, J चा ट्रेस शून्य होतो आणि पाचही आयगेनमूल्यं शून्य होतात. सारखी वर्गणी काढणाऱ्यांची यादीसुद्धा तिथे शून्यावर जाते. संगणकाच्या संदेशांत येणाऱ्या चुका पकडणाऱ्या अनेक संकेतांमध्ये ० आणि १ एवढ्याच दोन संख्यांचं गणित चालतं, आणि १ अधिक १ बरोबर ०. त्या गणितात सम आकाराच्या प्रत्येक J चं हेच होतं. विषम आकाराच्या J ला मात्र १ हे एक मूल्य उरतं. युक्ती दोन्हीकडे तीच, फक्त ट्रेस कोणत्या गणितात मोजतो आहोत ते विसरायचं नाही.

संगणकावरून आठवलं. पायथनमध्ये `numpy.linalg.eigvals(numpy.ones((5,5)))` असं विचारलं, तर ५ च्या सोबत स्वच्छ चार शून्यं मिळतीलच असं नाही. बऱ्याचदा शून्याच्या जागी दशांशचिन्हानंतर पंधरा-सोळा शून्यं असलेले, कधी धन तर कधी ऋण असे बारीक आकडे दिसतात. ती संगणकाच्या अपूर्णांकी हिशोबातली कसर असते. रँक १ आहे हे माहीत असेल, तर ते आकडे शून्यच आहेत हे आपल्याला कळतं. माहीत नसेल, तर माणूस त्यांना खरी मूल्यं समजून पुढचा हिशोब मांडतो आणि फसतो.

J नुसता एकटा फारसा भेटत नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी मॅट्रिक्सच्या समीकरणात लपलेला असतो, आणि तिथे त्याची मूल्यं पाठ असण्याचा खरा उपयोग होतो. एक उदाहरण तपशिलात पाहू. बुद्धिबळाचा छोटा पट घ्या, चार बाय चार, सोळा घरं. एका घरातून दुसऱ्या घरात हत्ती एका चालीत जाऊ शकत असेल, तर त्या दोन घरांना शेजारी म्हणू. हत्ती आडवा किंवा उभा कितीही चालतो, म्हणून प्रत्येक घराला आडव्या रांगेतले तीन आणि उभ्या रांगेतले तीन असे सहा शेजारी. आता सोळा बाय सोळाचा एक तक्ता करा: शेजारी घरांच्या जागी १, बाकी सगळीकडे ०. याला A म्हणू. कर्णावर सगळी शून्यं, कारण घर स्वतःचं शेजारी नाही.

A चा वर्ग काय सांगतो? त्याच्या प्रत्येक जागी त्या दोन घरांचे सामाईक शेजारी किती, ही संख्या येते. एकाच रांगेतल्या दोन घरांचे सामाईक शेजारी म्हणजे त्याच रांगेतली उरलेली दोन घरं. रांग आणि स्तंभ दोन्ही वेगळे असतील, तर एकाची रांग दुसऱ्याच्या स्तंभाला छेदते ती दोन घरं. दोन्ही वेळा उत्तर २. कर्णावर मात्र ६, कारण घराचे स्वतःशी सामाईक शेजारी म्हणजे त्याचे सगळे शेजारी. म्हणजे सगळीकडे २ आणि कर्णावर ४ जास्तीचे:

A² = 2J + 4I

इथे I म्हणजे कर्णावर एक आणि बाकी शून्य असलेलं मॅट्रिक्स. ते मिळवलं की प्रत्येक आयगेनमूल्य तेवढ्याने वर सरकतं, बाकी काही बदलत नाही. सोळाच्या J ची मूल्यं आपल्याला आता तोंडपाठ आहेत: १६ एकदा, ० पंधरा वेळा. म्हणून उजव्या बाजूची मूल्यं ३२ अधिक ४ म्हणजे ३६ एकदा, आणि ४ पंधरा वेळा. A ची मूल्यं म्हणजे यांची वर्गमुळं. ३६ चं मूळ +६, कारण सगळ्या घरांत १ लिहिला तर A प्रत्येक घरात त्याच्या सहा शेजाऱ्यांची बेरीज ६ देतो. उरलेली पंधरा मूल्यं +२ किंवा −२. किती अधिक आणि किती वजा? पुन्हा ट्रेस. A च्या कर्णावर शून्यं, म्हणून सगळ्यांची बेरीज शून्य. ६ भरून काढायला −२ हे मूल्य +२ पेक्षा तीन वेळा जास्त यायला हवं. पंधरांत असा फरक म्हणजे नऊ आणि सहा. A ची आयगेनमूल्यं: ६ एकदा, २ सहा वेळा, −२ नऊ वेळा. सोळा ओळींचा निश्चयक मांडावाच लागला नाही.

या हिशोबात आपण पटाचं चित्र कुठे वापरलं? फक्त तीन ठिकाणी: सोळा घरं, प्रत्येकाला सहा शेजारी, कुठल्याही दोघांचे सामाईक शेजारी दोन. हे तीन आकडे जुळवणारी दुसरी एखादी रचना असेल, तर तिचीही आयगेनमूल्यं नेमकी हीच येणार. अशी दुसरी रचना आहे. ती १९५९ साली शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी दाखवून दिली. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागरचा, आणि पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. १९५९ सालीच राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासोबत त्यांनी ऑयलरचा जवळपास पावणेदोनशे वर्षं जुना अंदाज खोटा ठरवला होता, आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर छापून आली होती. त्या गाजावाजात ही सोळा बिंदूंची छोटी रचना झाकली गेली असं मला वाटतं. श्रीखंडे यांनी सिद्ध केलं ते असं: कोणत्याही आकाराच्या चौरस पटावरची हत्तीची रचना तिच्या अशा आकड्यांवरून ओळखता येते, अपवाद फक्त चार बाय चारचा. तिथे एक दुसरी रचना तेच आकडे घेऊन उभी राहते. आज तिला श्रीखंडे ग्राफ म्हणतात.

ती काढणं अवघड नाही. तोच चार बाय चारचा पट घ्या, पण उजवी कड डावीला आणि वरची खालच्या कडेला जोडलेली माना, म्हणजे एका बाजूने बाहेर पडलं की दुसऱ्या बाजूने आत. प्रत्येक घराचे शेजारी सहा: उजवं, डावं, वरचं, खालचं, आणि एकाच तिरप्या रेषेवरची दोन, म्हणजे वर-उजवीकडचं आणि खाली-डावीकडचं. कोणत्याही दोन घरांचे सामाईक शेजारी मोजा, ते दोनच भरतात. म्हणून A² = 2J + 4I हे समीकरण इथेही खरं, आणि मूल्यंही तीच: ६, सहा वेळा २, नऊ वेळा −२.

आयगेनमूल्यांची यादी पाहून या दोन रचना वेगळ्या करता येत नाहीत. वेगळ्या करायच्या असतील तर एखाद्या घरावर बोट ठेवून त्याच्या सहा शेजाऱ्यांकडे बघावं लागतं. हत्तीच्या पटावर ते सहा जण तिघातिघांचे दोन वेगळे गट करून बसलेले असतात, श्रीखंडे ग्राफमध्ये ते सहाही एका कड्यात हात धरून उभे असतात. हत्तीच्या पटावर एकमेकांचे शेजारी असलेली चार घरं सापडतात, कोणतीही एक रांग घ्या. श्रीखंडे ग्राफमध्ये अशी चौकडी एकही नाही.